हातापायांची आग, लघवीतून प्रोटीन आणि फॅब्री : आईचा एन्झाइम अहवाल नॉर्मल असेल, तर बाकीच्या नातेवाइकांच्या तपासण्या कशासाठी?

निफाडचा_शेतकरी (धागाकर्ता)

नमस्कार. आमचे कुटुंब निफाड तालुक्यातले असून माझा सतरा वर्षांचा मुलगा नाशिकला शिकतो. त्याला नुकतेच फॅब्री या आनुवंशिक आजाराचे निदान झाले आहे. येथे वैद्यकीय क्षेत्रातले जाणकार आणि असे आजार घरात असलेले वाचकही आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मुलगा साधारण आठ वर्षांचा असल्यापासून तळहात आणि तळपायांची आग होते असे सांगत असे. ताप आला, उन्हात खेळला किंवा शाळेत पळण्याची शर्यत झाली, की हात पाण्यात बुडवून रडत बसायचा. त्याला घाम जवळजवळ येतच नाही, ही गोष्ट आम्ही पाहत होतो, पण तिचा या दुखण्याशी संबंध आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही. आधी वाढीच्या वयातले दुखणे म्हणून सोडून दिले गेले. मग एका ठिकाणी सांध्यांचा ताप समजून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची इंजेक्शने सुरू झाली, आणि पुढे दुसऱ्या ठिकाणी संधिवात समजून हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या दोन वर्षे दिल्या गेल्या. मध्ये नसांची तपासणीही केली, ती पूर्णपणे नॉर्मल आली, त्यामुळे मुलगा अभ्यास टाळण्यासाठी बहाणा करतो असेही घरातल्या काहींनी म्हणून घेतले.

या वर्षी प्रवेशासाठी वैद्यकीय दाखला काढताना लघवीत प्रोटीन आढळले. चोवीस तासांच्या लघवीत १.४ ग्रॅम प्रोटीन निघाले, रक्तातले क्रिएटिनिन मात्र ०.८, म्हणजे नॉर्मल होते. किडनीची बायोप्सी झाली, त्यात पेशी फेसाळल्यासारख्या दिसतात असा अहवाल आला. मग पेशींतली विशिष्ट चरबी मोडणाऱ्या अल्फा-गॅलॅक्टोसायडेज ए या एन्झाइमची रक्तातून तपासणी झाली आणि ते सामान्य सरासरीच्या दोन टक्क्यांहूनही कमी निघाले.

आता प्रश्न असा आहे. डॉक्टरांनी मुलाची आई, त्याची मोठी बहीण, मावशी, मावशीची मुले आणि दिवंगत मामांची मुले अशा सर्वांची तपासणी करायला सांगितली आहे. आम्ही आधी आईची एन्झाइम तपासणी केली आणि ती नॉर्मल आली. त्यामुळे सासरच्या मंडळींचे म्हणणे असे की आजार आमच्या घराण्यातला नाही, तपासायचे असेल तर वडिलांकडच्यांना तपासा. मामा त्रेचाळिसाव्या वर्षी डायलिसिसवर असताना गेले, तेव्हा रक्तदाबामुळे किडन्या गेल्या असे सांगितले गेले होते. मी स्वतः तपासणी करून घ्यायला तयार आहे, परंतु आईचा अहवाल नॉर्मल असताना बाकीच्यांना कोणत्या आधारावर आग्रह करू, हे कळत नाही.

सातपूर_एमआयडीसी

आपण वडील आहात, त्यामुळे आपली तपासणी करण्याचे काहीच कारण नाही. हा आजार एक्स गुणसूत्रावरचा आहे आणि वडील मुलाला वाय देतात, एक्स देत नाहीत. मुलाला तो एक्स आईकडूनच मिळाला. पण स्त्रियांना दुसरा चांगला एक्स असल्यामुळे त्या केवळ वाहक असतात, त्यांना स्वतःला आजार होत नाही. वाहक असत्या तरी एन्झाइम निम्मे तरी भरले असते. अहवाल पूर्ण नॉर्मल असेल, तर त्या वाहकही नाहीत, म्हणजे मुलात हा दोष नव्यानेच निर्माण झाला असावा. अशा वेळी मावशी आणि मामांच्या मुलांना त्रास देऊ नये असे माझे मत आहे.

वैनतेय

मी नाशिकमध्ये किडनीविकारांचे काम करतो. वडिलांविषयी वर जे लिहिले आहे ते बरोबर आहे. आईविषयीचा निष्कर्ष मात्र घातक आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असली तरी काम त्यांपैकी एकच करते. दुसरे गर्भावस्थेतच निकामी केले जाते, आणि कोणते निकामी व्हावे हे पेशीगणिक वेगळे ठरते. त्यामुळे फॅब्रीचा दोष असलेल्या स्त्रीचे शरीर दोन प्रकारच्या पेशींचे मिश्रण असते : काही पेशी एन्झाइम पूर्ण बनवतात, काही अजिबात बनवत नाहीत. आपण निफाडचे आहात म्हणून सांगतो, चांगले आणि सडके कांदे मिसळलेल्या गोणीतून वरची एक ओंजळ काढून पाहिली तर ती पूर्ण चांगली निघू शकते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये एन्झाइम मोजणे म्हणजे ती ओंजळ आहे. रक्तातल्या बहुतेक पेशींत चांगला एक्स चालू असेल तर अहवाल नॉर्मल येतो, आणि त्याच स्त्रीच्या किडनीत किंवा हृदयाच्या स्नायूत उलटे प्रमाण असू शकते. म्हणूनच एन्झाइमचा नॉर्मल अहवाल पुरुषाला निर्दोष ठरवतो, स्त्रीला ठरवत नाही. स्त्रीसाठी जीएलए या जनुकाचीच तपासणी करावी लागते.

स्त्रिया केवळ वाहक असतात, हा समज वैद्यकीय पुस्तकांतही बराच काळ होता. आता तो टिकत नाही. स्त्रियांमध्ये आजार उशिरा आणि कमीअधिक तीव्रतेने येतो, परंतु लघवीतून प्रोटीन जाणे, हृदयाची भिंत जाड होणे, ठोक्यांची लय बिघडणे आणि कमी वयात पक्षाघात, हे सर्व त्यांच्यातही होते. चांगल्या पेशी आपले जास्तीचे एन्झाइम शेजारच्या पेशींना पुरेसे पुरवत नाहीत, हे त्यामागचे कारण आहे.

आता आपल्या घराची वंशावळ कागदावर काढा. मामा त्रेचाळिसाव्या वर्षी किडनी निकामी होऊन गेले आणि भाच्याला फॅब्री आहे. मामांनाही फॅब्रीच असेल, तर तो त्यांना त्यांच्या आईकडून, म्हणजे मुलाच्या आजीकडून आला, कारण आजोबा मुलाला एक्स देऊच शकत नाहीत. याचा अर्थ आजीच्या प्रत्येक मुलीला, म्हणजे आपल्या पत्नीला आणि त्यांच्या बहिणीला, तो मिळण्याची शक्यता निम्मी होती, आणि आपल्या मुलाला झाला म्हणजे आपल्या पत्नीला तो जवळजवळ नक्की मिळाला आहे. नवा दोष मुलातच निर्माण होणे शक्य असते हे मी नाकारत नाही, पण मामांचा इतिहास असताना ते गृहीत धरणे योग्य नाही.

आपल्या धाग्यात मामांच्या मुलांचा उल्लेख सर्वांत शेवटी आला आहे, परंतु तेथेच उत्तर सर्वांत स्पष्ट आहे. मामांना फॅब्री असेल तर त्यांच्या प्रत्येक मुलीला तो दोष शंभर टक्के मिळालेला आहे, कारण वडील मुलीला आपला एकुलता एक एक्स देतात. त्यांच्या मुलांना मात्र तो मिळालेलाच नाही आणि त्यांना तपासण्याची गरज नाही. मामांना किती मुली आहेत?

चांदवडकर_काका

माझे वय चौसष्ट असून गेल्या तीन वर्षांपासून माझ्याही तळपायांची रात्री आग होते. मधुमेह बारा वर्षांपासून आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. लघवीतही प्रोटीन थोडे येते असे मागच्या वेळी सांगितले. हा धागा वाचून मला वाटते की मीही हे एन्झाइम तपासून घ्यावे. नाशिकमध्ये ही तपासणी कोठे होते आणि किती खर्च येतो, हे कृपया कोणी सांगावे.

वैनतेय

काका, तुमच्या वयात नव्याने सुरू झालेली तळपायांची आग आणि बारा वर्षांचा मधुमेह यांचे नाते सरळ आहे. शिवाय मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या शरीरात बी-१२ कमी होऊ शकते आणि त्यानेही अशीच आग होते, म्हणून आधी ती पातळी पाहून घ्या. फॅब्रीची वेदना बहुधा शाळकरी वयात सुरू होते, ताप, ऊन आणि व्यायामाने भडकते, आणि पुष्कळदा घाम न येण्यासोबत असते. तुमच्या कथनात यातले काहीच नाही. मधुमेहामुळे लघवीत येणाऱ्या प्रोटीनचा उपचार मात्र वेळेवर करून घ्या.

धागाकर्त्यांच्या मुलाची नसांची तपासणी नॉर्मल का आली, हेही येथेच सांगतो, कारण त्यावरून मुलावर बहाण्याचा आरोप झाला. ती तपासणी जाड, वेगाने संदेश नेणाऱ्या नसांची असते. फॅब्रीत सर्वांत आधी बाधतात त्या वेदना आणि तापमान ओळखणाऱ्या अतिशय बारीक नसा. त्या या यंत्रावर दिसत नाहीत. मुलगा खरे बोलत होता.

मृदुला_प्रयोगशाळा

मी एन्झाइम तपासण्या करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम केले आहे. धागाकर्त्यांनी बायोप्सीविषयी लिहिलेली एक गोष्ट महत्त्वाची वाटली. मुलाने दोन वर्षे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतले होते. हे औषध पेशींच्या आत तशाच चरबीयुक्त गुंडाळ्या साठवते, ज्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फॅब्रीतल्या झेब्र्यासारख्या पट्टेदार गोळ्यांसारख्या दिसतात. नेहमीच्या पद्धतीने बायोप्सी तयार करताना तर ही चरबी विरघळून जाते आणि फक्त रिकामे फेसाळ कप्पे उरतात. त्यामुळे बायोप्सीवर थांबले असते तर औषधाचा परिणाम आणि फॅब्री यांत फरक करणे कठीण गेले असते. औषधाने रक्तातले एन्झाइम इतके कमी होत नाही, म्हणून निकाल एन्झाइमच्या तपासणीने लागला.

आता नातेवाइकांच्या नमुन्यांविषयी. बाहेरगावी नमुना पाठवण्यासाठी वाळलेल्या रक्ताचे कार्ड वापरले जाते, परंतु त्याची हाताळणी चुकली की एन्झाइम खोटे कमी दिसते. कार्ड सावलीत, आडवे ठेवून, किमान तीन तास पूर्ण सुकले पाहिजे. ओलसर कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केले किंवा मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत दिवसभर तापले, की एन्झाइम मरते. म्हणून चांगली प्रयोगशाळा त्याच थेंबात दुसरे एखादे एन्झाइमही मोजते. दोन्ही कमी असतील तर नमुना खराब झाला असे समजावे आणि पुन्हा मागवावा. फक्त अल्फा-गॅलॅक्टोसायडेज कमी असेल तरच पुढे विचार करावा, आणि तोही ताज्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर पडताळल्याशिवाय अंतिम मानू नये.

आणखी एक मर्यादा सांगते. जीएलए जनुकातला प्रत्येक बदल आजार घडवतोच असे नाही. काही बदलांमुळे रक्तद्रवातले एन्झाइम कमी मोजले जाते, पण अवयवांना काही होत नाही. आपल्या मुलाच्या बाबतीत लक्षणे, बायोप्सी आणि पांढऱ्या पेशींतले एन्झाइम एकाच दिशेने बोट दाखवत आहेत, तरीही रक्तातल्या लायसो-जीबी-३ या पदार्थाची पातळी तपासून घ्यावी. ती वाढलेली असेल तर शंकेला जागा उरत नाही.

निफाडचा_शेतकरी

सर्वांचे मनापासून आभार. लायसो-जीबी-३ तपासले आहे, ते बरेच वाढलेले आहे.

मामांना तीन अपत्ये आहेत. थोरल्या मुलीचे गेल्या वर्षी सिन्नरला लग्न झाले, धाकटी एकोणीस वर्षांची आहे आणि मुलगा पंधरा वर्षांचा. म्हणजे आपल्या म्हणण्याप्रमाणे ज्या मुलाची सर्वांना काळजी वाटत होती तोच सुटलेला आहे, आणि मुलींचा विचार कोणी केलाच नव्हता.

मावशी येवल्याला असतात. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा खेळून आल्यावर पाय दुखतात, पायांची आग होते, असे म्हणतो. काल फोनवर हे प्रथमच कळले. मावशींना ते वाढीचे दुखणे वाटते.

माझी मुलगी वीस वर्षांची आहे आणि तिच्यासाठी स्थळे पाहण्याचे चालले आहे. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात की लग्न होईपर्यंत तिची तपासणी करू नका. तिला काहीही त्रास नाही.

वैनतेय

येवल्याच्या मुलाला सर्वांच्या आधी तपासा. तो मुलगा असल्यामुळे त्याच्या बाबतीत एन्झाइमची तपासणी पुरेशी निर्णायक आहे, आणि तो नऊ वर्षांचा असताना सापडणे आणि सतराव्या वर्षी लघवीत प्रोटीन आल्यावर सापडणे यांत त्याच्या किडनीचे आयुष्य अडकलेले आहे. क्रिएटिनिन नॉर्मल आहे यावर विश्वास ठेवून थांबू नका. किडनीतले गाळणी-गुच्छ निम्मे खराब होईपर्यंतही क्रिएटिनिन नॉर्मल राहू शकते. आपल्या मुलाच्या बाबतीत तेच झाले : क्रिएटिनिन ०.८ असतानाच तो दिवसाला १.४ ग्रॅम प्रोटीन गमावत होता, जेव्हा सामान्य मर्यादा ०.१५ ग्रॅम आहे.

घरातल्या स्त्रियांसाठी एक गोष्ट सोपी झाली आहे. आपल्या मुलाच्या जनुकातला नेमका बदल एकदा कळला, की बाकीच्यांचे संपूर्ण जनुक वाचण्याची गरज नसते, तेवढी एकच जागा पाहिली जाते. त्यामुळे खर्च आणि वेळ दोन्ही कमी होतात आणि उत्तर हो किंवा नाही असे स्पष्ट मिळते. म्हणून मुलाचा जनुक अहवाल हातात ठेवूनच बाकीच्यांचे नमुने पाठवा. तो अहवाल नसताना मावशींचे जनुक वेगळे तपासले आणि त्यात अर्थ न लागणारा एखादा बदल निघाला, तर नवीच चिंता उभी राहते.

तोपर्यंत आपल्या पत्नीने दोन साध्या तपासण्या करून घ्याव्यात. सकाळच्या लघवीत अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचे गुणोत्तर पाहावे, आणि नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट लॅम्पने बुबुळावरचा पारदर्शक पडदा तपासून घ्यावा. फॅब्रीत त्या पडद्यावर मध्यापासून बाहेर जाणाऱ्या फिकट भोवऱ्यासारख्या रेषा दिसतात, आणि दोष असलेल्या बहुसंख्य स्त्रियांतही त्या असतात. त्यांनी दृष्टीला बाधा होत नाही, म्हणून रुग्णाला कधी कळत नाही. मुलाच्या डोळ्यांत मात्र हायड्रॉक्सिक्लोरोक्विननेही तशाच रेषा येऊ शकतात, त्यामुळे त्याच्यापेक्षा आईच्या डोळ्यांचा पुरावा अधिक स्वच्छ आहे.

गंगापूररोडची_सई

मला स्वतःला फॅब्री आहे, म्हणून लग्नाविषयीच्या प्रश्नावर लिहिते. माझे वडील डायलिसिसवर होते. त्यांना निदान झाले तेव्हा आम्हा दोघी बहिणींना तपासायला सांगितले गेले आणि घरात हेच वाक्य उच्चारले गेले : लग्न होऊ द्या, मग पाहू. माझ्या ताईने ऐकले. मी तपासून घेतले. वडिलांकडून दोघींनाही मिळणार हे ठरलेलेच होते, पण ताईला हे गर्भारपणात लघवीत प्रोटीन आल्यावर, सर्वांत कठीण वेळी कळले. रक्तदाब आणि किडनीसाठी ज्या गोळ्या एरवी सर्वांत उपयोगी असतात, त्या गर्भारपणात देता येत नाहीत. आधी माहीत असते तर तयारी करता आली असती.

आपल्या मुलीला काही त्रास नाही असे आपण लिहिता. तिला एकदा शांतपणे विचारा. मला उन्हाळ्यात हातांची आग व्हायची, जेवल्यानंतर पोटात कळा यायच्या आणि मी ते कधी कोणाला सांगितले नव्हते, कारण मुलींचे असे दुखणे कोणी आजार म्हणून ऐकत नाही.

सातपूर_एमआयडीसी

वरच्या दोन्ही प्रतिसादांनंतर माझे आईविषयीचे मत मी मागे घेतो. परंतु लग्नाच्या प्रश्नावर मला वेगळे वाटते. मुलगी वीस वर्षांची आहे, निर्णय तिचा आहे, आई-वडिलांचा किंवा डॉक्टरांचा नाही. तपासणीचा कागद एकदा घरात आला की तो नातेवाइकांत फिरतोच. सईताई, आपण ज्या घरात राहता ते समजूतदार असेल, सगळी घरे तशी नसतात.

गंगापूररोडची_सई

निर्णय तिचाच आहे, याच्याशी मी सहमत आहे. पण निर्णय तिचा असायचा तर आधी तिला सर्व माहिती द्यावी लागेल. घरातली मंडळी तिच्या वतीने न तपासण्याचा निर्णय घेत आहेत, आणि तिला कदाचित भावाच्या आजाराचे नावही नीट सांगितलेले नसेल. अहवाल कोणाला दाखवायचा हे तिने ठरवावे. होणाऱ्या नवऱ्याला कधी सांगावे, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. मी लग्न ठरण्यापूर्वी सांगितले होते आणि एक स्थळ त्यामुळे मोडले, हे येथे लपवणार नाही.

वैनतेय

या बाबतीत डॉक्टर म्हणून मला एवढेच सांगता येते की सज्ञान मुलीची तपासणी तिच्या संमतीनेच व्हावी आणि अहवाल तिच्या हातात द्यावा. लक्षणे नसलेल्या अल्पवयीन मुलींना कधी तपासावे, यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. मुलग्यांविषयी तसा मतभेद फारसा नाही, कारण त्यांच्यात आजार लवकर येतो आणि उपचारही लवकर सुरू करावे लागतात.

उपचारांविषयी थोडे लिहितो, कारण घरातली मंडळी विचारतील की कळून उपयोग काय. कमी असलेले एन्झाइम दर दोन आठवड्यांनी शिरेतून देता येते. त्याचे दोन मुख्य प्रकार युरोपात २००१ पासून उपलब्ध आहेत आणि मात्रा वजनावर ठरते. एकाची मात्रा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आहे, दुसऱ्याची १ मिलिग्रॅम. जनुकातल्या काही विशिष्ट बदलांसाठी एक दिवसाआड घ्यायची गोळीही निघाली आहे, परंतु ती ज्या बदलात एन्झाइम बनते पण नीट घडी पडत नाही, अशाच रुग्णांना चालते. यांतले कोणतेही औषध किडनीत आधीच पडलेले व्रण भरून काढत नाही. प्रोटीन दिवसाला १ ग्रॅमच्या वर गेल्यावर सुरू केलेल्या एन्झाइमने किडनीचे रक्षण कमी होते, म्हणून सोबत प्रोटीन कमी करणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या द्याव्याच लागतात.

मुलाच्या आगीसाठी घरात डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन देत असाल तर कृपया बंद करा. या वेदनेवर त्यांचा उपयोग कमी होतो आणि किडनीला अपाय होतो. कार्बामाझेपिन किंवा गॅबापेंटिनसारखी नसांच्या वेदनेची औषधे येथे चालतात, मात्र गॅबापेंटिनची मात्रा किडनीच्या क्षमतेनुसार ठरवावी लागते.

गंगापूररोडची_सई

खर्चाविषयी माझ्या माहितीतले सांगते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात फॅब्रीचा समावेश आहे, आणि नेमून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. आपल्यासाठी जवळचे असे केंद्र मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. अर्ज तेथूनच पुढे जातो, नाशिकमधून थेट करता येत नाही.

मात्र या धोरणात फॅब्रीच्या नावापुढे एक अट आहे : अवयवांचे लक्षणीय नुकसान होण्यापूर्वी निदान झालेला रुग्ण. त्यामुळे येवल्याच्या मुलाची तपासणी पुढच्या वर्षावर ढकलणे केवळ प्रकृतीच्या दृष्टीने नव्हे, मदतीच्या दृष्टीनेही महागात पडू शकते. आणि ५० लाख ही मोठी रक्कम वाटली तरी औषध आयुष्यभराचे आहे आणि मात्रा वजनाबरोबर वाढते, त्यामुळे ती संपल्यावर काय, हा प्रश्न आम्हा सर्वांपुढे उभा आहे आणि त्याचे उत्तर अजून कोणाकडे नाही.

निफाडचा_शेतकरी

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. पत्नीचा जनुक अहवाल आला. मुलात सापडलेला बदल तिच्यातही आहे. ज्या रक्ताचा एन्झाइम अहवाल नॉर्मल होता, त्याच बाईच्या लघवीत अल्ब्युमिनचे गुणोत्तर ६८ आले, जे ३० च्या आत हवे होते, आणि नेत्रतज्ज्ञांना दोन्ही डोळ्यांत त्या भोवऱ्यासारख्या रेषा दिसल्या. टूडी इको सध्या ठीक आहे.

येवल्याच्या मुलाचे एन्झाइम अत्यंत कमी निघाले. मृदुलाताईंनी सांगितल्याप्रमाणे प्रयोगशाळेने दुसरे एन्झाइमही मोजले, ते नॉर्मल होते, म्हणजे नमुना चांगला होता. त्याच्या लघवीत अद्याप प्रोटीन नाही. तो आणि मावशी पुढच्या आठवड्यात केईएमला जाणार आहेत. मुलगा बाधित म्हणजे मावशींनाही दोष आहे असे धरून चाललो आहोत, त्यांचा जनुक अहवाल यायचा आहे.

माझ्या मुलीने सर्व ऐकून घेतले आणि परीक्षा झाल्यावर स्वतःच नमुना देईन असे म्हणाली. आम्ही तिला वेळ दिला आहे.

सिन्नरला दिलेल्या मामांच्या थोरल्या मुलीच्या सासरी मात्र विषय काढू नका, असे मामींचे म्हणणे आहे. धाकटीने तपासून घेतले, तिच्यात दोष आहे, आणि त्यामुळे मामांना फॅब्रीच होता हे त्यांच्या पश्चात सिद्ध झाले. थोरलीला तो आहेच हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे आणि तिलाच ते सांगता येत नाही, अशी विचित्र स्थिती झाली आहे. ती सध्या गर्भवती आहे असे कळते.

एक शेवटची शंका. मावशी म्हणतात की भाच्याला पुढे कधी किडनी लागली तर मी देईन, माझा रक्तगट जुळतो. हे शक्य आहे का?

वैनतेय

मावशींच्या भावनेचा आदर ठेवून सांगतो की ज्या आईचा मुलगा बाधित आहे आणि जिच्या भावालाही हा आजार होता, तिच्यात दोष असणार हे धरूनच चालावे, आणि अशा स्त्रीची किडनी घेऊ नये. तिची किडनी आज नॉर्मल दिसली तरी तिच्यातल्या दोषयुक्त पेशींत चरबी साठत असते, आणि एक किडनी काढल्यावर तिच्यावरचा धोकाही वाढतो. घरातला दाता शोधायची वेळ आलीच तर तो आपल्या बाजूचा असावा, किंवा मामांचा मुलगा सज्ञान झाल्यावर. निर्दोष व्यक्तीची किडनी बसवली तर तिच्यात फॅब्री पुन्हा त्रास देत नाही, कारण ती स्वतःचे एन्झाइम बनवते. हृदय आणि मेंदूसाठी मात्र उपचार त्यानंतरही चालू ठेवावे लागतात.

सिन्नरच्या मुलीविषयी : ती गर्भवती आहे म्हणून तिला आताच कळणे अधिक आवश्यक आहे. सासरी सांगण्याची गरज नाही. मामींनी किंवा धाकट्या बहिणीने तिला एकटीला सांगावे, आणि तिच्या प्रसूतितज्ज्ञांनी दर भेटीत रक्तदाबासोबत लघवीतले प्रोटीन पाहावे, एवढे तरी या आठवड्यातच व्हावे. धाकटीचा अहवाल तिच्या संमतीने सोबत दिला तर डॉक्टरांना वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

निफाडचा_शेतकरी

धाकटी उद्या सिन्नरला जाते आहे. अहवालाची प्रत तिने स्वतःहून मागून घेतली.